खोलीचे भाडे आणि डब्याचे पैसे

गेल्या जुलैत एक निवृत्त प्राध्यापिका आपले आयकर विवरणपत्र भरून घ्यायला माझ्याकडे आल्या. राहायला कोथरूडला, फ्लॅट स्वतःच्या एकटीच्या नावावर. मुलगा परदेशी गेल्यापासून त्याची खोली रिकामी होती, म्हणून त्यांनी दोन मुली पेइंग गेस्ट ठेवल्या होत्या. एक हिंजवडीला नोकरी करणारी, दुसरी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. प्रत्येकीकडून महिन्याला 12,000 रुपये, दोन वेळच्या जेवणासकट. बाईंनी एका वहीत सगळा जमाखर्च व्यवस्थित मांडला होता आणि वहीच्या शेवटी एकच प्रश्न लिहून आणला होता: “यातला नफा किती धरायचा?”

त्याचे उत्तर मात्र आणखी एका प्रश्नावर अडून होते, आणि तो त्यांच्या वहीत नव्हता. हे 12,000 रुपये नेमके कशाचे? छपराचे की जेवणाचे? आयकर कायद्याच्या दृष्टीने हे दोन वेगळे पैसे आहेत. त्यांचे रकाने वेगळे आणि वजावटीही वेगळ्या. पेइंग गेस्ट ठेवणारी बहुतेक माणसे हे वेगळे करत नाहीत. मग एक तर गरजेपेक्षा जास्त कर भरतात, नाहीतर मिळत नसलेली वजावट घेऊन नोटीस ओढवून घेतात.

आधी छपराचे पैसे पाहू. घरमालकाला घराच्या किंवा घराच्या एखाद्या भागाच्या भाड्यातून जे मिळते ते ‘घर मालमत्तेपासूनचे उत्पन्न’ या सदरात येते. त्यातून काय वजा होते हे कायद्याने ठरवून दिले आहे. प्रथम त्या वर्षात मालकाने स्वतः प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर. उरलेल्या रकमेच्या 30 टक्के सरसकट वजावट. आणि घरासाठी कर्ज काढले असेल तर त्याचे व्याज. बस्स, इतकेच.

या 30 टक्क्यांबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. ही वजावट मिळवायला एकही बिल लागत नाही. खोलीवर वर्षभरात एक रुपया खर्च झाला नसला तरी ती पूर्ण मिळते. पण म्हणूनच रंगकाम, प्लंबर, सोसायटीचा मेंटेनन्स, विमा, एजंटची दलाली यांपैकी काहीही वेगळे मागता येत नाही. ते सगळे त्या 30 टक्क्यांतच आले असे कायदा मानतो. त्या वर्षी बाईंनी खोलीला रंग दिला होता आणि नवे गिझर बसवले होते. त्यांच्या वहीत तो खर्च लाल शाईने लिहिलेला होता. तो मला बाजूला ठेवावा लागला.

पूर्वी काही घरमालक यातून एक वाट काढत. भाडे हा आपला धंदाच आहे असे म्हणून ते उत्पन्न व्यवसायाच्या सदरात दाखवत आणि रंगकामापासून घसाऱ्यापर्यंत सगळे वजा करत. 2024 च्या जुलैतल्या अर्थसंकल्पाने ती वाट बंद केली. राहत्या घराचे किंवा त्याच्या भागाचे भाडे मालकाला व्यवसायाचे उत्पन्न म्हणून दाखवता येणार नाही, ते घर मालमत्तेच्या सदरातच गेले पाहिजे, असे कायद्यात स्पष्ट लिहिले गेले. आर्थिक वर्ष 2024-25 पासून हे लागू आहे. तरी अजूनही जुन्या सवयीने तसे भरलेले कागद माझ्यासमोर येतात.

आता डब्याचे पैसे. जेवण, कपडे धुणे, खोली झाडून देणे ही सेवा आहे, भाडे नव्हे. घरच्या घरी दोन-तीन जणांना जेवू घालण्यातून जे मिळते ते साधारणपणे ‘इतर मार्गांनी मिळणारे उत्पन्न’ या सदरात दाखवले जाते. इथे सरसकट 30 टक्के वगैरे काही नाही, पण ते उत्पन्न मिळवण्यासाठी झालेला प्रत्यक्ष खर्च पूर्ण वजा होतो. किराणा, गॅस, स्वयंपाकाच्या मावशींचा पगार, सगळे. आचारी-मदतनीस ठेवून बाहेरच्यांनाही डबे देऊ लागलात तर तो व्यवसाय होतो आणि त्याचे नियम निराळे. बाईंचा प्रकार तसा नव्हता.

म्हणजे 12,000 चे दोन भाग करायचे. मग एवढे सोपे असेल तर पावतीवर दोन ओळी लिहिल्या की झाले, असे वाटेल. पण तसे नाही, आणि हे समजून घ्यायला 1964 चा एक खटला उपयोगी पडतो. ‘सुलतान ब्रदर्स’ या मुंबईतल्या कंपनीने एक इमारत फर्निचरसकट हॉटेल चालवण्यासाठी भाड्याने दिली होती. करारात इमारतीचे भाडे वेगळे आणि फर्निचरचे वेगळे लिहिलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्या दोन वेगळ्या आकड्यांवर थांबायचे नाकारले. दोन्ही गोष्टी एकत्रच वापरायच्या, एकीशिवाय दुसरी द्यायची नाही, असा दोन्ही पक्षांचा मूळ इरादा होता का, हे न्यायालयाने पाहिले. तसा तो होता. म्हणून सगळेच भाडे घर मालमत्तेच्या बाहेर, ‘इतर मार्गांनी मिळणाऱ्या उत्पन्नात’ गेले. कायद्यात आजही ही तरतूद आहे: इमारत आणि सामान यांचे भाडे एकमेकांपासून सुटे करता येत नसेल तर ते घर मालमत्तेचे उत्पन्न राहत नाही, आणि त्याबरोबर 30 टक्क्यांची सरसकट वजावटही जाते.

दोन कॉट, दोन कपाटे आणि एक टेबल ठेवले म्हणून घाबरायचे कारण नाही. अशा खोलीत भाडेकरू प्रामुख्याने खोलीचेच पैसे देतो, सामान आनुषंगिक असते, आणि व्यवहारात हे भाडे घर मालमत्तेतच दाखवतात. जेवणाच्या बाबतीत मात्र तीच कसोटी मी बाईंना लावायला सांगितली. “समजा, एखादी मुलगी म्हणाली की पुढच्या महिन्यापासून मी ऑफिसातच जेवेन, तर तुम्ही काय कराल?” बाई लगेच म्हणाल्या, “अहो, डब्याचे साडेचार हजार कमी करते. मागच्या वर्षी एकीचं केलंही होतं. खोली काय, राहीलच की तिच्याकडे.”

हे उत्तर महत्त्वाचे होते. डबा बंद केला तरी खोली राहते, याचा अर्थ दोन गोष्टी खरोखर सुट्या आहेत. त्यांच्या मनात 7,500 रुपये खोलीचे आणि 4,500 जेवणाचे असा हिशेब आधीपासून होता आणि एकदा तो प्रत्यक्ष अमलातही आला होता. फक्त कागदावर कुठे नव्हता. जिथे जेवण घेतले नाही तरी पूर्ण पैसे द्यावेच लागतात तिथे मात्र अशी विभागणी टिकवणे अवघड जाते.

आता बाईंचा 2025-26 या आर्थिक वर्षाचा हिशेब मांडून पाहू. तो समजायला सोपा जावा म्हणून आकडे मी थोडे गोल केले आहेत.

मे महिन्यात खोली रिकामी होती, म्हणून अकरा महिने धरू. खोलीचे भाडे दोघींचे मिळून महिन्याला 15,000, म्हणजे वर्षाचे 1,65,000. खोली भाड्याने द्यायचीच होती, पण गिऱ्हाईक मिळाले नाही, तर त्या रिकाम्या काळामुळे कमी मिळालेले भाडेच धरले जाते. बाराव्या महिन्याचे काल्पनिक भाडे मिळवायची गरज नसते.

घराच्या एकाच भागाचे भाडे असल्यामुळे मिळकतकर आणि व्याजही त्याच प्रमाणात वाटून घ्यायचे. फ्लॅटचे चटई क्षेत्र 800 चौरस फूट, आणि मुलींची खोली तिच्या न्हाणीघरासह 200 चौरस फूट. म्हणजे पाव हिस्सा. स्वयंपाकघर आणि दिवाणखाना सगळ्यांचा, पण त्यातला मुलींचा वाटा काढत बसण्यापेक्षा हे साधे प्रमाण समजावून सांगता येते आणि दरवर्षी तेच ठेवता येते. विभागणी वाजवी हवी आणि तिचा आधार दाखवता यायला हवा. सोसायटीचा मंजूर नकाशा किंवा खरेदीखतातले क्षेत्रफळ त्याला पुरते.

बाईंनी वर्षात भरलेला मिळकतकर 12,000. त्याचा पाव हिस्सा 3,000 वजा केला की 1,62,000 उरतात. इथे ‘भरलेला’ हा शब्द नीट पाहा. मार्च संपेपर्यंत भरला नाही तर त्या वर्षी वजा होत नाही, भले बिल त्याच वर्षाचे असो. ज्या वर्षी भराल त्या वर्षी तो वजा होईल. पुण्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मालक स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिका मिळकतकरात 40 टक्के सवलत देते. भाडेकरू ठेवल्यावर त्या सवलतीचे काय होते हे आपल्या विभागीय कार्यालयात आधीच विचारून घेतलेले बरे.

1,62,000 च्या 30 टक्के म्हणजे 48,600 वजा केले की 1,13,400 राहतात. बाईंच्या गृहकर्जाचे वर्षाचे व्याज 96,000. त्याचा पाव हिस्सा 24,000. तो वजा केल्यावर खोलीचे करपात्र उत्पन्न 89,400.

व्याजाच्या बाबतीत बाईंना नव्याने एक गोष्ट कळली. नव्या करप्रणालीत स्वतः राहता त्या घराच्या कर्जाचे व्याज अजिबात वजा होत नाही. भाड्याने दिलेल्या भागाचे मात्र होते. म्हणजे खोली भाड्याने दिल्यामुळे व्याजाचा तेवढा पाव हिस्सा त्यांना वजावट म्हणून पहिल्यांदाच उपयोगी पडला. उरलेले 72,000 जुन्या प्रणालीत, 2 लाखांच्या मर्यादेत, वजा होऊ शकले असते. पण त्यांच्या बाकीच्या वजावटी इतक्या थोड्या होत्या की जुन्या प्रणालीत एकूण कर बराच जास्त बसत होता. ज्यांचे कर्ज मोठे आणि नवे आहे त्यांना खोलीच्या भाड्यापेक्षा व्याज जास्त होऊन तोटाही दिसू शकतो. नव्या प्रणालीत हा तोटा पगारातून किंवा पेन्शनमधून वजा करता येत नाही. जुन्या प्रणालीत वर्षाला 2 लाखांपर्यंत येतो.

आता जेवणाचे. दोघींचे मिळून महिन्याला 9,000, अकरा महिन्यांचे 99,000. इथे खर्च काढताना प्रामाणिकपणे बसावे लागते, कारण एकाच कुकरमध्ये बाईंचाही भात असतो. घरात जेवणाऱ्या तिघी. महिन्याचा किराणा-भाजी-दूध 6,300, त्याचे दोन तृतीयांश 4,200. गॅसचे 900, त्यातले 600. स्वयंपाकाच्या मावशींना आधी 2,500 देत होत्या, मुली आल्यावर 4,500. वाढलेले 2,000 मुलींच्या खात्यावर. म्हणजे महिन्याला 6,800 आणि अकरा महिन्यांचे 74,800. करपात्र उरले 24,200. बाई रविवारी स्वतः स्वयंपाक करतात, त्यांच्या कष्टाची किंमत मात्र खर्चात धरता येत नाही.

वजावटीसाठी किराण्याच्या प्रत्येक पुड्याची पावती कोणी मागत नाही, पण काहीतरी आधार हवाच. बाईंची वही आणि दुकानदाराला यूपीआयने दिलेले पैसे यांचा मेळ बसत होता. मावशींचा पगारही त्या बँकेतून देऊ लागल्या होत्या.

दोन्ही मिळून करपात्र उत्पन्न 89,400 अधिक 24,200, म्हणजे 1,13,600. हातात आले होते 2,64,000.

समजा, आम्ही सगळी रक्कम घरभाडेच म्हणून दाखवली असती तर? बहुतेक लोक तेच करतात; 30 टक्के आपोआप मिळतात म्हणून ते आकर्षकही वाटते. 2,64,000 मधून मिळकतकर 3,000 वजा, उरलेल्याच्या 30 टक्के म्हणजे 78,300 वजा, व्याज 24,000 वजा. उरतात 1,58,700. किराणा, गॅस आणि मावशींचा पगार या सदरात घेताच येत नाही. म्हणजे 45,100 रुपयांनी उत्पन्न फुगले असते, शिवाय जेवणाच्या पैशांवर घरभाड्याची वजावट घेतल्याची चूक झाली असती ती वेगळी.

हा फरक बाईंना नेमका किती पडला हे त्यांच्या पेन्शनमुळे कळते. पेन्शन वर्षाला 12,00,000. प्रमाणित वजावट 75,000 गेल्यावर 11,25,000. नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलत मिळून कर शून्य होतो, म्हणून मुली नसत्या तर त्यांना कर बसलाच नसता. (बँकेच्या ठेवींचे व्याज मी इथे मुद्दाम बाजूला ठेवले आहे.)

मुलींचे 1,13,600 मिळवले की एकूण 12,38,600. दरपत्रकाप्रमाणे यावर कर येतो 65,790. पण 12 लाखांच्या थोड्याच वर गेलेल्यांना कायदा एक सीमान्त सवलत देतो: 12 लाखांच्या वर जितके उत्पन्न गेले त्यापेक्षा जास्त कर लागत नाही. बाई 38,600 ने वर गेल्या, म्हणून कर 38,600. त्यावर 4 टक्के उपकर धरून सुमारे 40,144.

सगळे घरभाडे म्हणून दाखवले असते तर एकूण उत्पन्न 12,83,700 झाले असते. इतक्या वर गेल्यावर सीमान्त सवलत संपते. कर 72,555 आणि उपकरासह सुमारे 75,457. पावतीवरच्या दोन ओळींचा फरक वर्षाला पस्तीस हजारांहून जास्त.

12 लाखांपासून साधारण 12 लाख 70 हजारांपर्यंतच्या या पट्ट्यात वाढलेला जवळजवळ प्रत्येक रुपया करात जातो. निवृत्त लोक खोली भाड्याने देऊन नकळत याच पट्ट्यात येतात असे मला अलीकडे वारंवार दिसते. त्यांच्यासाठी हक्काची एक-एक वजावट रुपयाला रुपया वाचवते. ज्यांची पेन्शन वर्षाला सहा-सात लाख आहे त्यांना मात्र हे उत्पन्न मिळवूनही कर शून्यच राहतो. तरी त्यांनी विवरणपत्र भरायला हवे, कारण नव्या प्रणालीत 4 लाखांच्या वर उत्पन्न गेले की भरणे बंधनकारक आहे.

हिंजवडीच्या मुलीमुळे एक गुंता झाला होता. जुनी करप्रणाली निवडलेल्या त्या मुलीला कंपनीत घरभाडे भत्त्याची सूट हवी होती, म्हणून तिने बाईंकडून पूर्ण 12,000 ची भाडेपावती करून घेतली होती. वर्षाचे भाडे 1 लाखाच्या वर दाखवले की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. म्हणजे अकरा महिन्यांचे 1,32,000 रुपये भाडे म्हणून बाईंच्या पॅनसमोर नोंदवले जाणार, आणि बाईंच्या विवरणपत्रात त्याच मुलीचे भाडे दिसणार 82,500. विभागाची यंत्रणा हे दोन आकडे शेजारी ठेवू शकते. घरभाडे भत्त्याची सूट भाड्यापुरतीच असते, जेवणावर नाही. त्यामुळे चूक दोघींच्याही कागदात झाली होती. मुलीने कंपनीत सुधारित पावती दिली: खोलीचे 7,500, जेवणाचे 4,500, दोन वेगळ्या ओळींत. विवरणपत्र भरण्याआधी संकेतस्थळावरचे आपले वार्षिक माहिती पत्रक, ज्याला सगळे एआयएस म्हणतात, उघडून भाड्याचा आकडा दिसतो का ते पाहावे, हे मी सगळ्यांना सांगतो.

अनामतीचा प्रश्न बाईंनी शेवटी विचारला. प्रत्येकीकडून घेतलेले 15,000 रुपये परत करायचे असल्याने ते उत्पन्न नाही. पण मुलगी एक महिन्याचे भाडे न देता गेली आणि तुम्ही ते अनामतीतून कापले, तर कापलेली रक्कम त्या वर्षीचे भाडे ठरते.

आणखी दोन ठिकाणी माणसे फसतात. उत्पन्न ज्याचे घर त्याचे. पैसे मुलाच्या खात्यात घेतले म्हणून ते मुलाचे होत नाहीत. फ्लॅट नवरा-बायकोच्या नावावर ठरलेल्या हिश्शांनी असेल तर भाडेही त्याच हिश्शांनी दोघांच्या विवरणपत्रांत जाते. आणि जे स्वतः भाड्याने राहून त्यातली एक खोली पोटभाड्याने देतात ते मालक नसल्यामुळे त्यांना 30 टक्के मिळत नाहीत. त्यांचे ते इतर उत्पन्न, प्रत्यक्ष खर्च वजा जाता.

1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा, 2025 लागू झाला आहे. कलमांचे क्रमांक बदलले, पण घरभाड्यातली 30 टक्के वजावट आणि व्याजाची वजावट तशीच आहे. इथला हिशेब 2025-26 चा असल्याने तो 1961 च्याच कायद्याप्रमाणे आहे.

जूनमध्ये दोन्ही मुलींचे करार संपत होते. बाईंनी नव्या मसुद्यात एक कलम स्वतःच्या अक्षरात लिहून आणले होते: जेवण बंद करायचे असल्यास एक महिना आधी कळवावे, त्या महिन्यापासून दरमहा 4,500 रुपये कमी घेतले जातील, खोलीचे भाडे 7,500 कायम राहील. मी त्यात फक्त विजेची ओळ घातली, कारण मुलींच्या खोलीला वेगळा मीटर नव्हता आणि उन्हाळ्यात एसीचे बिल कोणाच्या खात्यावर जाणार हे कागदावर असायला हवे होते.